चुन्याची पुडी डोळ्यात फुटली तर: पहिल्या अर्ध्या तासात नेमकं काय करायचं

मी डोळ्यांच्या विभागात परिचारिका आहे. डोळ्यात काहीतरी उडालं म्हणून आमच्याकडे येणाऱ्या लहान मुलांमध्ये खाण्याच्या चुन्याची प्रकरणं वारंवार दिसतात. आजोबांच्या तंबाखूच्या बटव्यातली प्लास्टिकची पुडी किंवा ट्यूब मुलाच्या हाती लागते. मूल ती दाबतं, चावतं, तोंडाजवळ धरून पिळतं. ती फुटते आणि चुना सरळ डोळ्यात जातो. पुढे त्या डोळ्याची नजर किती राहील, हे बऱ्याच अंशी घरच्या मोरीवर ठरतं, कारण आमच्यापर्यंत पोचेतो महत्त्वाची मिनिटं संपलेली असतात. म्हणून मोरीवर काय करायचं, हे मी इथे क्रमाने लिहिते आहे. हीच रीत सिमेंट, घराला द्यायचा चुना, कॉस्टिक सोडा, संडास साफ करायचं ॲसिड, बॅटरीचं ॲसिड, ब्लीचिंग पावडर यांनाही लागू आहे. चुन्याचं जे वेगळं आहे, ते त्या त्या ठिकाणी सांगते.

आत्ता या क्षणी कुणाच्या डोळ्यात काही उडालेलं असेल, तर पुढचं वाचत बसू नका. डोळा नळाखाली धरा, पापण्या बोटांनी उघडून ठेवा आणि पाणी सोडा. बाकीचं दुसऱ्या कुणाला मोठ्याने वाचायला सांगा.

## १. आधी पाणी, मग फोन, मग रिक्षा

क्रम हाच ठेवा. दवाखाना दहा मिनिटांवर असला तरी आधी घरी धुवायचं. लोकांना वाटतं, जितक्या लवकर डॉक्टरांकडे नेऊ तितकं बरं, आणि ते मुलाच्या डोळ्यावर रुमाल दाबून धावत सुटतात. त्या सगळ्या वेळात चुना आत काम करत असतो. दवाखान्यात पोचल्यावर आम्हीही पहिल्यांदा पाण्यानेच धुतो.

घाई एवढी का, ते समजून घ्या. ॲसिड डोळ्यावर पडलं की लिंबू पिळल्यावर दूध फाटतं तशी वरच्या थरातली प्रथिनं गोठतात, आणि त्या गोठलेल्या थरामुळे ॲसिडला पुढे जाणं काहीसं अवघड होतं. जोरदार ॲसिडने डोळा जातोच, पण निदान वाटेत एक अडथळा उभा राहतो. चुना, सिमेंट, कॉस्टिक सोडा, अमोनिया हे अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट टोकाचे पदार्थ. ते पेशींच्या आवरणातल्या चरबीचा साबण करतात. आवरण विरघळलं की वाट मोकळी होते आणि पदार्थ खोल शिरत जातो. अमोनिया मिनिटभरात कॉर्निया ओलांडून डोळ्याच्या आतल्या पाण्यात पोचू शकतो, कॉस्टिक सोडा काही मिनिटांत. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच.

चुना त्या मानाने सावकाश शिरतो, पण तो हटत नाही. चुना पाण्यात फार कमी विरघळतो. एका लिटरमध्ये जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम. शाळेत चुन्याची निवळी करताना तळाला पांढरा गाळ राहायचा, तो याच कारणाने. त्यामुळे पापणीखाली अडकलेला चुन्याचा खडा पाण्याच्या एका हबक्याने जात नाही. तो तिथेच बसून अश्रूंमध्ये थोडा थोडा सुटत राहतो. त्या निवळीचा पीएच १२.४ च्या आसपास असतो आणि निरोगी अश्रूंचा साधारण ७.४. पीएचचा प्रत्येक अंक दहापटीचा असल्यामुळे हा फरक एक लाख पटींचा होतो. तेव्हा चुन्याच्या बाबतीत कामं दोन आहेत: भरपूर वेळ धुणं आणि खडा बाहेर काढणं. यातलं एकच करून भागत नाही.

## २. हात आणि तोंड: अर्ध्या मिनिटाचं काम

मुलाच्या बोटांवर चुना असतो. धुतलेला डोळा ते त्याच बोटांनी पुन्हा चोळतं, म्हणून एकाने डोळ्यावर पाणी सुरू करावं आणि दुसऱ्याने त्याच वेळी मुलाचे हात धुवावेत. तुमच्या बोटांना लागलेला चुनाही धुऊन टाका. गालावर, पापण्यांच्या केसांवर चुन्याचा गोळा दिसत असेल, तर ओल्या फडक्याने डोळ्यापासून बाहेरच्या बाजूला पुसून घ्या.

कोरडी भुकटी उडाली असेल, म्हणजे चुनकळी विरवताना किंवा सिमेंटची गोणी फोडताना, तर चेहऱ्यावरची भुकटी आधी झटकन झाडा आणि मग धो धो पाणी घाला. चुनकळीला पाणी लागलं की ती तापते. त्यामुळे थोडंसं पाणी शिंपडून थांबणं वाईट, भरपूर पाणी ओतणं चांगलं.

काँटॅक्ट लेन्स असेल आणि चटकन निघत असेल तर काढा. निघत नसेल तर धुणं सुरू ठेवा. बऱ्याचदा ती पाण्याबरोबर स्वतःच सुटते.

## ३. मुलाला कसं धरायचं

धुणं बहुतेक वेळा इथेच फसतं. चुना झोंबला की पापण्या इतक्या घट्ट मिटतात की पाणी सगळं गालावरून वाहून जातं. घरच्यांना वाटतं आपण दहा मिनिटं धुतलं, प्रत्यक्षात आत थेंबही गेलेला नसतो.

लहान मुलाला चादरीत किंवा मोठ्या टॉवेलमध्ये हातांसकट घट्ट गुंडाळा. एकाने मोरीच्या कडेला बसून त्याला मांडीवर आडवं घ्यावं आणि डोकं मोरीवर आणावं. चुना गेलेला डोळा खालच्या बाजूला हवा. उजव्या डोळ्यात गेला असेल तर मान उजवीकडे कलती. मग पाणी नाकाच्या कडेने आत शिरतं आणि कानाकडून वाहून जातं, चांगल्या डोळ्यात जात नाही. दोन्ही डोळ्यांत गेला असेल तर उताणं निजवून नाकाच्या उंचवट्यावर धार धरा, ती दोन्हीकडे पसरते.

पापण्या उघडायला एक अंगठा भुवईच्या हाडावर आणि दुसरा गालाच्या हाडावर ठेवून ताणा. दाब हाडावर यायला हवा, डोळ्याच्या गोळ्यावर अजिबात नाही. ओल्या पापण्या बोटांतून निसटतात, म्हणून अंगठ्याला सुती रुमालाचा कोरडा कोपरा गुंडाळा. आमच्याकडे आम्ही यासाठी कोरडा गॉज वापरतो. मूल किंचाळेल, तुमचे हात थरथरतील, घरातली थोरली माणसं ‘सोडा बिचाऱ्याला’ म्हणतील. सोडू नका.

## ४. पाणी कोणतं, किती आणि कसं

नळाचं, माठाचं, हंड्यातलं, बाटलीबंद, जे पिण्याजोगं पाणी हाताशी असेल ते. उकळून गार करत बसायचं नाही आणि सलाईनची बाटली आणायला माणूस पिटाळून त्याची वाट बघायची नाही. शेतात किंवा बांधकामावर पिण्याचं पाणी जवळ नसेल, तर मिळेल ते स्वच्छ दिसणारं पाणी वापरा. जंतुसंसर्गावर नंतर औषध देता येतं, जळलेल्या कॉर्नियावर तसं सोपं औषध नाही. पाणी कोमट किंवा साधं असावं. फ्रिजचं नको, कारण गार पाण्याखाली कुणी डोळा फार वेळ उघडा ठेवू शकत नाही.

धार मऊ हवी. नळ अर्धवट सोडा किंवा तांब्याने चार बोटं उंचीवरून, नाकाजवळच्या कोपऱ्यात सलग ओता. पिचकारी, पाइपची जोरदार धार, अंगावर मारतात तसा हबका यांतलं काही नको. कारखान्यांतल्या डोळे धुण्याच्या यंत्रांसाठी अमेरिकेत जे मानक आहे, त्यात मिनिटाला किमान दीड लिटर पाणी सलग १५ मिनिटं अपेक्षित आहे. म्हणजे साडेबावीस लिटर, घरातली एक मोठी बादली भरून आणि वर थोडं. किती ओतायचं याचा अंदाज त्यावरून यावा. दोन पेले ओतून धुतलं असं म्हणता येत नाही.

वेळ घड्याळ लावून मोजा. ॲसिड किंवा साबणाच्या पाण्यासारख्या गोष्टीला किमान १५ ते २० मिनिटं. चुना, सिमेंट, कॉस्टिक सोडा यांना किमान ३० मिनिटं. रडारडीत पाच मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात, म्हणून घरातल्या एकाला फक्त वेळ सांगायच्या कामाला लावा. त्यानेच १०८ ला फोन करून रुग्णवाहिका मागवावी किंवा गाडीची सोय बघावी.

## ५. पापणीखालचा खडा

धुणं सुरू असतानाच हे करायचं. खालची पापणी खाली ओढा. आतल्या गुलाबी भागावर पांढरे कण किंवा दह्यासारखा चिकट थर दिसला, तर कापूस गुंडाळलेली काडी पाण्यात भिजवून हलक्या हाताने आतून बाहेर फिरवा. काडी नसेल तर धुतलेल्या मऊ सुती कपड्याचं ओलं टोक चालेल. कोरडा कापूस नको, त्याचे तंतू चिकटतात.

वरची पापणी जास्त दगा देते, कारण तिच्याखाली एक खोल खोबण आहे आणि चुना नेमका तिथे जाऊन बसतो. पापणी उलटी करायला सराव लागतो, घरी त्याच्या मागे लागू नका. वरच्या पापणीचे केस चिमटीत धरून पापणी पुढे, डोळ्यापासून लांब ओढा आणि त्या फटीत पाणी सोडा. मोठं माणूस असेल तर त्याला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघायला सांगत राहा. गोळा फिरला की खोबणीतलं बरंच बाहेर येतं. मुलाला मोबाइलवरचं काही दाखवून नजर फिरवायला लावता आलं तर उत्तमच.

बुबुळावर चिकटलेला कण मात्र काडीने, नखाने, कपड्याने खरवडायचा नाही. तिथे फक्त पाणी.

## ६. जे आवर्जून टाळायचं

चुन्यावर तूप किंवा एरंडेल घालायचा सल्ला घरोघरी मिळतो. तेलातुपाचा थर चुन्याच्या खड्यावर बसतो आणि पाणी त्याच्यापर्यंत पोचू देत नाही. आम्हाला मग आधी तूप काढावं लागतं आणि त्यात वेळ जातो. दूध, मध, गुलाबपाणी, अंगावरचं दूध यांचंही तेच: पाण्याची वेळ त्यात जाते.

चुना अल्कली आहे म्हणून त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून तो मारावा, असं विज्ञान शिकलेल्या माणसाच्या हमखास मनात येतं. दोन्ही एकत्र आले की उष्णता निघते आणि आधीच भाजलेल्या पृष्ठभागावर दुसरं जळजळीत द्रव्य पडतं. प्रमाणही हातात राहत नाही. ॲसिड गेलं म्हणून खाण्याचा सोडा घालणंही तितकंच चुकीचं.

घरात उरलेले डोळ्यांचे थेंब घालू नका. त्यातले काही स्टेरॉइडचे असतात आणि ते कधी, किती दिवस द्यायचे हे डॉक्टरांनी डोळा तपासूनच ठरवायचं असतं. पट्टी बांधून डोळा बंद करू नका. चुना आत कोंडला जातो.

एक वेगळी गोष्ट: झटपट चिकटणारा डिंक डोळ्यात गेला आणि पापण्या चिकटल्या, तर त्या ओढून सोडवू नका. वरून कोमट पाण्याने धुवा आणि तसंच दवाखान्यात न्या.

## ७. दुखणं थांबलं म्हणून थांबू नका

हे मी नातेवाइकांना रोज सांगते. चुन्याने कॉर्नियातल्या संवेदनेच्या नसा जळतात, त्यामुळे इजा खोल असूनही दुखणं कमी होऊ शकतं. मूल शांत झालं, झोपलं, म्हणून सकाळी नेऊ असं ठरवू नका.

रंगही फसवतो. लालभडक डोळा बघून सगळे घाबरतात, पण लाली म्हणजे तिथे रक्त पोचतं आहे. बुबुळाच्या कडेने जिथे पांढरा भाग सुरू होतो, तिथे एखाद्या बाजूला लाली नसून चुनखडीसारखा निर्जीव पांढरेपणा दिसला, तर तिथल्या रक्तवाहिन्या बंद पडल्या आहेत. त्याच कडेवर कॉर्नियाची कातडी नव्याने तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. त्या मेल्या की जखम भरत नाही, कॉर्नियावर रक्तवाहिन्या चढतात आणि डोळा पांढुरका होतो, ज्याला लोक फूल पडलं म्हणतात. दुसऱ्या डोळ्यातल्या मूळ पेशींचा छोटा तुकडा घेऊन त्याचं रोपण करता येतं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतल्या डॉक्टरांनी यासाठी काढलेली सोपी पद्धत २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आज अनेक ठिकाणी वापरली जाते. पण त्यासाठी एक डोळा शाबूत लागतो. बुबुळ धुरकट दिसत असेल, मधली काळी बाहुली नीट दिसत नसेल, तेव्हाही इजा मोठी समजा.

## ८. दवाखान्यात नेताना

- फुटलेली पुडी, ट्यूब किंवा बाटली पिशवीत घालून सोबत घ्या. त्यावर काय लिहिलंय ते आम्हाला लागतं.
- किती वाजता उडालं, किती वेळ धुतलं, काय काय घातलं हे लिहून आणा. तूप घातलं असेल तर तेही सांगा, कुणी रागावणार नाही.
- पाण्याच्या दोन-तीन बाटल्या आणि टॉवेल घ्या. वाटेत गाडीतही ओतत राहा, गाडी ओली झाली तर होऊ द्या.
- मुलाला खाऊपिऊ घालू नका. नीट धुण्यासाठी भूल द्यावी लागू शकते.
- कागदपत्रांसाठी घरी थांबू नका. आधार कार्ड, रेशन कार्ड मागाहून कुणीही आणून देईल.

डोळ्यांचे डॉक्टर असलेलं जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय किंवा नेत्र रुग्णालय गाठा. ते लांब असेल तर वाटेतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात थांबून सलाईनच्या बाटलीने धुऊन घ्या. साधी शिरेतली सलाईन आणि तिची नळी यासाठी पुरते. मग पुढे जा.

## ९. आत काय करतात: एका मुलाचं उदाहरण

पाच वर्षांचा मुलगा, उजव्या डोळ्यात चुना. घरात कार्य होतं, दुपारी साडेबाराच्या सुमारास पुडी फुटली. आईने त्याच मिनिटाला मोरीवर नेलं, मावशीने चादरीत धरला आणि त्यांनी तांब्याने जवळजवळ अर्धा तास धुतलं. दीडच्या सुमारास ते आमच्याकडे पोचले.

आम्ही पहिल्यांदा खालच्या पापणीच्या आत पीएचची कागदी पट्टी टेकवली. रंग ८ च्या वर गेला. घरी इतकं धुऊनही हे का, याचं उत्तर पापणीखाली असणार हे उघड होतं. बधिर करणारे थेंब घातले आणि सलाईनची नळी लावून एक लिटर सोडलं. पट्टी ७ वर आली. दहा मिनिटं थांबून पुन्हा लावली तर परत ८. एकदा ७ दिसलं म्हणून थांबायचं नसतं, ते या दुसऱ्या पट्टीमुळे. खडा असला की तो परत चुना सोडतो.

मूल धडपडत होतं, म्हणून डॉक्टरांनी थोडी भूल देऊन वरची पापणी दोनदा उलटली. एकदा उलटून जे दिसतं त्याच्याही मागे खोबण असते, तिथपर्यंत पोचायला दुसरी घडी लागते. तिथे ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढा पांढरा खडा चिकटलेला होता. ओल्या काडीने तो निघाला, भोवतीचा थर पुसून काढला आणि पुन्हा एक लिटर सोडलं. काही ठिकाणी चिवट चुना सोडवायला कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या ईडीटीएच्या पातळ द्रावणाने पुसतात. त्यानंतर पट्टी ७ वर आली आणि अर्ध्या तासानेही तिथेच राहिली. मग कुठे डोळ्यात रंगाचा थेंब घालून जखम किती आहे ते बघितलं. कॉर्नियाच्या खालच्या बाजूला ओरखडा होता, कड मात्र सगळीकडे लाल, म्हणजे जिवंत.

अँटिबायोटिक, बाहुली मोठी करणारे, कृत्रिम अश्रूंचे आणि काही दिवस स्टेरॉइडचे थेंब, असे उपचार झाले. जखम भरली आणि कॉर्निया पारदर्शक राहिला. खडा आम्ही काढला हे खरं, पण त्या खड्याभोवतीचा बाकी सगळा चुना आईने मोरीवरच धुऊन टाकला होता. तो धुतला नसता तर आमच्या हाती फार थोडं उरलं असतं.

## १०. घरी आल्यावर

पहिले काही दिवस डॉक्टर रोज बोलावतील. बरं वाटतंय म्हणून तपासणी चुकवू नका. त्या तपासणीत दोन गोष्टी बघतात. एक, डोळ्याचा दाब, जो अल्कलीच्या इजेनंतर वाढू शकतो आणि वाढला तरी मुलाला सांगता येत नाही. दुसरी, पापणीची आतली बाजू डोळ्याला चिकटते आहे का. कच्च्या जखमा समोरासमोर असतील तर त्या एकमेकींना जुळतात आणि मग डोळा पूर्ण फिरत नाही. सुरुवातीला लक्षात आलं तर डॉक्टर काचेच्या गुळगुळीत कांडीने तो भाग वेगळा ठेवतात.

थेंबांच्या दोन बाटल्या असतील तर त्यांच्यात पाच मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. स्टेरॉइडची बाटली सांगितलेल्या दिवशी बंद करा आणि उरलेली फेकून द्या. डोळा पुन्हा लाल झाला, उजेड सहन होईना, चिपडं वाढली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

आणि घरातल्या चुन्याचं त्याच दिवशी बघा. पुडीऐवजी घट्ट फिरकीच्या झाकणाची डबी वापरा आणि ती बटव्यात न ठेवता मुलाचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. रिकामी वाटणारी पुडीही उघड्या कचऱ्यात टाकू नका. तिच्या कोपऱ्यात डोळा जाळण्याइतका चुना उरलेला असतो, आणि मुलं नेमकी तीच उचलून दाबून बघतात.